मेथिलफेनिडेट सुरू करताना या चुका टाळा

एडीएचडी असलेल्या मुलाला मेथिलफेनिडेट सुरू केल्यावर "काहीच फरक नाही" असे पालक सांगू लागले की मात्रा वाढवण्याकडे हात लगेच वळतो. बाह्यरुग्ण विभागात सर्वाधिक घडणारी चूक हीच आहे, कारण मात्रा कमी पडते आहे की वेळ चुकते आहे, हे त्या एका वाक्यावरून कळत नाही.

आमच्याकडील आठ वर्षांच्या एका मुलाचे वजन पहिल्या दिवशी २४.२ किलो होते. सकाळी आठला ५ मिग्रॅची साधी गोळी सुरू केली. पुढच्या आठवड्यात बाईंचा निरोप आला की वर्गात बदल नाही, म्हणून मात्रा १० मिग्रॅ केली. मग आई म्हणाली, "सकाळी तो गप्प, एकटक बघत बसतो आणि शाळेत जायच्या आधीचं जेवण ताटात तसंच ठेवतो." सहाव्या आठवड्यात वजन २३.१ किलो भरले. त्याची शाळा दुपारी बाराला भरते आणि साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, हे आम्ही तेव्हा कुठे जुळवून पाहिले. पुन्हा ५ मिग्रॅवर येऊन, जेवण झाल्यावर सव्वाअकराला पहिली आणि शाळेच्या लेखी संमतीने तीनला दुसरी गोळी ठेवली. भूक परतली आणि शिक्षकांच्या मापनपट्टीवरील गुणही सुधारले. म्हणूनच आता आमच्या नोंदपत्रकावर मात्रेच्या आधी शाळेची वेळ लिहिली जाते.

मात्रा वजनावरून ठरवून थांबू नये. ५ मिग्रॅपासून सुरुवात करून आठवड्याला ५ ते १० मिग्रॅने वाढवावे, प्रत्येक पायरीवर शाळा व घर दोन्हीकडून माहिती घ्यावी आणि दिवसाला ६० मिग्रॅ ही कमाल मर्यादा ओलांडू नये. संध्याकाळी औषध उतरताना होणारी चिडचिड ही मात्रा अपुरी असल्याची खूण समजू नये.

हृदयतपासणीत उलट चूक होते. सरसकट सर्वांचा ईसीजी काढला जातो, पण धावताना चक्कर किंवा शुद्ध हरपणे, धडधड, नात्यात तरुण वयातील आकस्मिक मृत्यू हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. यांपैकी काही आढळल्यास किंवा हृदयात मर्मर ऐकू आल्यास गोळीआधी हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. नाडी व रक्तदाब औषधापूर्वी, प्रत्येक मात्राबदलानंतर आणि पुढे दर सहा महिन्यांनी मोजावेत. विश्रांतीत नाडी सातत्याने १२० च्या वर राहिली तर मात्रा कमी करून तज्ज्ञांकडे पाठवावे.

उंची आणि वजन केवळ आकड्यांत लिहून भागत नाही. वाढीच्या तक्त्यावर बिंदू मांडला नाही, तर उंची दरवेळी "वाढलेलीच" दिसते आणि मूल आपली रेषा सोडून खाली घसरत असल्याचे वर्षभर लक्षात येत नाही. उंची दर सहा महिन्यांनी, त्याच भिंतीवरच्या पट्टीवर आणि चपला काढूनच मोजावी. रेषा घसरत असल्यास आधी जेवणाच्या वेळा बदलून पाहाव्यात आणि तेवढ्याने भागले नाही तर सुट्टीत औषध थांबवण्याचा विचार पालकांशी बोलून करावा.