रेंजमध्ये सुपरट्रेंड, ट्रेंडमध्ये आरएसआय: या चुका टाळा

"सुपरट्रेंड चांगला की आरएसआय?" नवीन ट्रेडर भेटला की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. त्यावर "सध्या बाजार कसा चाललाय?" असं विचारलं की समोरचा गोंधळतो. त्याला मागच्या भावांवरून गणित मांडणाऱ्या इंडिकेटरचं नाव आणि सेटिंग हवं असतं, बाजाराकडे बघायचा कंटाळा असतो.

इंडिकेटरची मुख्य घराणी दोनच. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, सुपरट्रेंड, एमएसीडी ही मंडळी धरून चालतात की भाव ज्या दिशेला निघालाय तिकडेच जात राहील. आरएसआय, स्टोकॅस्टिक, बोलिंजर बँड बहुतेक जण वापरतात ते उलट गृहीतकावर, म्हणजे भाव फार लांब गेला की सरासरीकडे परत येईल. पहिलं ट्रेंड फॉलोइंग, दुसरं मीन रिव्हर्जन. एकाच चार्टवर एकाच वेळी दोन्ही बरोबर ठरणं कठीण.

तोटा झाला म्हणून घराणं बदलणं

सगळ्यात जास्त पैसे मी याच चुकीत बुडताना पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०२१ चे जून आणि जुलै आठवा. १ जून ते २ ऑगस्ट या दोन महिन्यांत निफ्टीचे बंद भाव साधारण १५,५७० ते १५,९३० यांच्यातच फिरत होते. जेमतेम साडेतीनशे पॉइंटची रेंज. आमच्या ओळखीतला एक गडी त्या काळात ब्रेकआउट आणि सुपरट्रेंडवर ट्रेड करायचा. १५ जुलैला निफ्टी १५,९२४ वर बंद झाला, नवा उच्चांक, म्हणून याने खरेदी केली. २० जुलैला निफ्टी १५,६३२. खरेदी कापून हा शॉर्ट झाला, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने आधीच विकून बसला. २३ जुलैला निफ्टी पुन्हा १५,८५६ वर, तेव्हा शॉर्टही कापला. आठवडाभरात दोन्ही बाजूंनी मिळून पाचशेच्या वर पॉइंट गेले, आणि निफ्टी मात्र होता तिथेच.

इथपर्यंत ठीक आहे. रेंजमध्ये ट्रेंडवाल्याला असे फटके बसतातच, तो त्या धंद्याचा खर्च आहे. खरा घोळ पुढे झाला. वैतागून त्याने सुपरट्रेंड काढून टाकला आणि बोलिंजर बँड लावला, म्हणजे सरासरीच्या वर आणि खाली आखलेल्या दोन पट्ट्या. मागचे दोन महिने चाळून बघितले तर वरच्या पट्टीला विकणारा आणि खालच्या पट्टीला घेणारा दर वेळी जिंकलेला दिसत होता. दिसणारच, दोन महिने रेंजच होती!

३ ऑगस्टला निफ्टी पहिल्यांदा १६,००० च्या वर गेला आणि १६,१३० वर बंद झाला, वरच्या पट्टीच्या बाहेर. याने विकला. दुसऱ्या दिवशी १६,२५८. "आता तर अजूनच ताणलाय" म्हणत अजून विकला. मग चार-पाच दिवस निफ्टी १६,२५० च्या आसपास रेंगाळला, तेव्हा "बघा, दमला" असा मेसेज आला. १३ तारखेला १६,५२९. ३१ ऑगस्टला १७,१३२.

त्याला शेवटपर्यंत एक गोष्ट दिसली नाही. सरासरी काही खांबासारखी एका जागी रोवलेली नसते. २० ऑगस्टला निफ्टी खाली येऊन १६,४५० वर बंद झाला, पण तोवर वीस दिवसांची सरासरी चढून साधारण १६,१७० झाली होती. म्हणजे त्याच्या पहिल्या विक्रीच्या भावाच्याही वर. निफ्टी त्या दिवशी सरासरीपर्यंत परत आला असता, तरी त्या विक्रीत तोटाच होता. ट्रेंड सुरू झाला की भाव सरासरीकडे येण्याऐवजी सरासरीच भावाच्या मागे चालत येते.

मग ओळखायचं कसं? रेंज चालू असते तेव्हा बोलिंजरच्या पट्ट्या आडव्या असतात. भाव पट्टीला शिवतो आणि आत येतो. रेंज मोडायच्या आधी बऱ्याचदा पट्ट्या एकमेकींजवळ येतात, आणि मोडताना वरची वर, खालची खाली अशा दोन्ही एकदम फाकतात. फाकलेल्या पट्टीवर उलटा ट्रेड घ्यायचा नाही. माझी सवय याहून साधी आहे. रेंजच्या वर आणि खाली दोन आडव्या रेघा मारतो. सलग दोन दिवस बंद भाव रेघेबाहेर गेला की मीन रिव्हर्जन बंद, असलेली पोझिशनही बंद. वरच्या उदाहरणात ४ ऑगस्टलाच बाहेर पडायचं होतं. पहिल्या विक्रीवर तोटा सुमारे १३० पॉइंट, बस्स. यात ट्रेंडचा पहिला तुकडा हातून जातो. मला चालतं.

एडीएक्सला दिशा विचारणं

एडीएक्स हा इंडिकेटर ट्रेंडचा फक्त जोर सांगतो, दिशा नाही. पडत्या बाजारातही तो वरच जातो. सर्वसाधारण रिवाज असा की २० च्या खाली रेंज, २५ च्या वर ट्रेंड. मधल्या पट्ट्यात मी नवीन पोझिशन घेत नाही, आणि यावर "मग त्या दिवसांत करायचं काय?" असं विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसरं म्हणजे तो उशिरा जागा होतो. १४ च्या सेटिंगला दोनदा सरासरी काढलेली असते, त्यामुळे पहिला आकडा यायलाच २८ कँडल लागतात. रेंज मोडते त्या दिवशी तो बहुतेक वेळा खालीच असतो. म्हणूनच वरच्या त्या दोन रेघा.

एकाच घराण्यातले तीन साक्षीदार

आरएसआय, स्टोकॅस्टिक आणि सीसीआय तिन्ही "ओव्हरसोल्ड", म्हणजे भाव प्रमाणाबाहेर पडलाय, असं म्हणतात म्हणून तिप्पट खात्री वाटत असेल, तर तिघांनीही मागचे तेच भाव चघळलेत हे लक्षात घ्या. एक ठेवा, दोन काढा.

आरएसआय ३० च्या खाली म्हणजे स्वस्त

२८ फेब्रुवारी २०२० ला निफ्टी ११,२०१ वर बंद झाला, तेव्हा रोजच्या चार्टवरचा आरएसआय ३० च्या खाली होता. २३ मार्चला निफ्टी ७,६१० होता. पुढचं तुम्हीच मांडा.

एकाची एन्ट्री, दुसऱ्याची एक्झिट

ही चूक चार्टवर दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालते. ट्रेंडवाल्याचे निम्म्याहून जास्त ट्रेड छोट्या तोट्यात जाऊ शकतात, मोजके मोठे ट्रेड सगळं भरून काढतात. त्यामुळे त्याला नफ्याचं टार्गेट नको, मागून सरकणारा स्टॉपलॉस हवा. मीन रिव्हर्जनवाल्याचं उलट. तो वारंवार थोडं थोडं कमावतो आणि एखाद्या ऑगस्टमध्ये सगळं घालवतो. त्याला सरासरी हेच टार्गेट, आणि दिवसांची मर्यादा. मी पाच दिवस देतो. भाव तेवढ्यात परत आला नाही तर तोटा असो वा नफा, बाहेर. पाचच का, याला शास्त्र नाही. मला सहाव्या दिवशी आशा वाटायला लागते, म्हणून पाच.

लोक मात्र ट्रेंडमध्ये शिरून पन्नास पॉइंटला नफा खिशात घालतात आणि रेंजमधला फसलेला ट्रेड "धरून ठेवतात". मग इंडिकेटर बदलत बसतात.

आणि हो, दिवसाच्या चार्टवर रेंज ठरवून पाच मिनिटांच्या चार्टवर ट्रेड घेणाऱ्यांनी आधी एक चार्ट पक्का करावा, वरचं सगळं त्यानंतर.