पीएफ पासबुकात कंपनीचा वाटा कमी दिसत होता, त्याचा उलगडा

माझ्या पगारातून दरमहा 3,000 रुपये कापले जात, पण पासबुकात कंपनीचे 1,750 च दिसत. कंपनी पैसे बुडवते या शंकेने मी दोन महिने धुमसत होतो. एचआरकडे विचारलं, सॅलरी स्लिप तपासल्या, काही कळलं नाही.

शेवटी passbook.epfindia.gov.in वर यूएएनने लॉगिन केलं, मेंबर आयडी निवडला, वर्ष निवडलं आणि एकाच महिन्याची ओळ आडवी वाचली. तिसऱ्या, पेन्शनच्या रकान्यात 1,250 होते. बेसिक आणि डीए मिळून माझे 25,000. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शनला जातात, पण तेही फक्त 15,000 वर, म्हणून 1,250. उरलेले 1,750 पीएफमध्ये. बेरीज 3,000, हिशोब जुळला. पेन्शनच्या रकान्यावर व्याज मिळत नाही, हेही तेव्हाच समजलं.

मग 2023-24 चं व्याज तपासलं. दर 8.25 टक्के. दोन्ही वाट्यांची आरंभीची शिल्लक 4,00,000, तिच्यावर 33,000. दरमहा जमा होणाऱ्या 4,750 वर व्याज पुढच्या महिन्यापासून लागतं, म्हणजे एप्रिलच्या जमेला 11 महिने, मेच्या जमेला 10, असे एकूण 66:

```
4750 × 66 × 8.25 / 1200 = 2155
```

एकूण सुमारे 35,155. पासबुकातला आकडा रुपया-दोन रुपयांच्या फरकाने हाच होता. व्याज दरमहा मोजतात, पण नोंद वर्षाअखेरची एकच असते आणि ती बऱ्याचदा काही महिने उशिरा दिसते. त्या उशिराने व्याज कमी होत नाही.