मोटरच्या नेमप्लेटचा फोटो आणि त्यावरचे चार आकडे: एचपी, फेज, हेड आणि अँपिअर

मी मोटर रिवायंडिंगचं काम करतो. दिवसातून दोन-तीन वेळा तरी फोनवर मोटरचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ, "ही किती एचपीची आहे आणि स्टार्टर कोणता लावू." फोटोत पंप दिसतो, विहीर दिसते, कधी मागं बैल पण दिसतो, पण प्लेट म्हणजे नुसता पांढरा झोत, फ्लॅश मारलेला असतो ना. म्हणून सुरुवात फोटोपासूनच करतो.

आधी मेन स्विच बंद करा. नुसत्या स्टार्टरच्या लाल बटणावर भरवसा नको, कारण प्लेट पुसायला ओलं फडकं घेऊन आपण मोटरला हात लावणार आहोत. प्लेट हलक्या हातानं पुसा, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर मारू नका, कोरलेले आकडे राहतात पण छापलेले निघून जातात. मग फ्लॅश बंद करून, मोबाईल प्लेटच्या अगदी समोर न धरता जरा तिरका धरून तीन-चार फोटो काढा आणि शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला बाजूनं बॅटरी धरायला सांगा, उजेड आडवा पडला की कोरलेल्या आकड्याच्या कडेला सावली येते आणि गंजलेली प्लेट पण वाचता येते. एक फोटो पूर्ण प्लेटचा, एक फक्त आकड्यांच्या भागाचा. सबमर्सिबलवाल्यांनी हे सगळं मोटर बोअरमध्ये सोडायच्या आधी करायचं, नंतर प्लेट २०० फूट खाली असते.

आता फोटो मोठा करून वाचायला घेऊ. माझ्याकडे आलेला एक फोटो उदाहरण म्हणून घेतो, मोनोब्लॉक पंप होता, प्लेटचा एक कोपरा गंजलेला. त्यात दिसत होतं ते असं: ५ एचपी, ३७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, डिस्चार्ज ७.५ लिटर पर सेकंद, हेड ३० किंवा ८० मीटर (पहिला आकडा नीट कळत नव्हता), हेड रेंज २२ ते ३६ असावी पण पुसट, आणि मॅक्स करंट ८५ अँपिअर. जसंच्या तसं वाचलं तर यातले दोन आकडे नक्की चूक आणि तिसऱ्याचा पत्ता नाही. गंमत अशी की ते कुठले हे प्लेटच सांगते, कारण प्लेटवरचे आकडे एकमेकांना बांधलेले असतात.

एचपी

प्लेटवर बहुतेक वेळा किलोवॅट आणि एचपी शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणजे किलोवॅटला १.३४ नं गुणलं की एचपी यायला पाहिजे. ३७ ला गुणलं तर जवळपास ५० येतात, पण प्लेटवर ५ लिहिलंय, म्हणजे ३७ नाही, ३.७ आहे, पॉइंट गंजात गेला. हा पॉइंट सगळ्यात आधी हरवतो. ७.५ एचपीची मोटर ७५ ची वाचणारे मी बघितलेत, तेव्हा दोन्ही आकडे जुळवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा, हे ३.७ किलोवॅट म्हणजे मोटर शाफ्टवर देते ती ताकद. लाईनमधून ती याच्यापेक्षा जास्त ओढते, ५ एचपीची चांगली मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेचार किलोवॅटच्या आसपास घेते. केबल आणि जनरेटरचा हिशेब करताना लोक ३.७ धरतात आणि मग जनरेटर गुदमरतो. खरं तर जनरेटरला चालू होतानाचा झटका पण सोसायचा असतो, तो चालू करंटच्या कितीतरी पट असतो.

फेज

यात फार काही नाही. पीएच समोर १ किंवा ३ असतं, कधी नुसता ३ आणि त्यापुढं नागमोडी रेघ. तेही गेलं असेल तर व्होल्ट बघा, २२० ते २४० असेल तर सिंगल फेज, ३८० ते ४४० असेल तर थ्री फेज. प्लेटवर कपॅसिटरचा आकडा लिहिला असेल तर ती सिंगल फेज. डब्यातून किती वायरी बाहेर आल्यात त्यावरून मात्र ठरवू नका, थ्री फेजला तीन पण असतात आणि सहा पण.

व्होल्टच्या शेजारी अधिक ६ टक्के, उणे १५ टक्के असं बारीक लिहिलेलं असतं ते पण फोटोत आलं पाहिजे. ४१५ वर याचा अर्थ साधारण ३५३ ते ४४० व्होल्ट. याच्या खाली मोटर चालवायची नाही. का ते करंटच्या वेळी सांगतो.

हेड

इथं जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे.

हेड म्हणजे पाणी जितकं उंच चढवायचं ती उंची, त्यात पाइपातलं घर्षण पण धरायचं. तो मीटरमध्ये असतो आणि आपण बोलतो फुटात, ३० मीटर म्हणजे ९८ फूट. आता आपल्या फोटोतला आकडा ३० का ८० ते कसं काढायचं? डिस्चार्ज लिटर पर सेकंदमध्ये घ्या, हेडनं गुणा आणि १०२ नं भागा, पाणी वर चढवायला लागणारे किलोवॅट येतात. ७.५ गुणिले ८० भागिले १०२ केलं तर ५.९ आले. मोटरच ३.७ ची आहे, ती ५.९ चं काम कुठून करणार? ३० धरून केलं तर २.२ येतात, म्हणजे मोटरच्या ताकदीचा साठ टक्के भाग पाण्यात उतरतोय, पंपाला हे एकदम शोभतं. तेव्हा हेड ३०. फक्त डिस्चार्जचं एकक नीट वाचा, लिटर पर मिनिट लिहिलं असेल तर आधी ६० नं भागायचं, ७.५ लिटर पर सेकंद म्हणजे ४५० लिटर पर मिनिट.

आता या ३० चा अर्थ. या हेडला पंप ७.५ लिटर पाणी देतो, इतकंच. हेड वाढला की पाणी कमी, हेड कमी झाला की पाणी जास्त. काही प्लेटवर मॅक्स हेड म्हणून वेगळा मोठा आकडा असतो, त्या उंचीला पाणी नुसतं चढून उभं राहतं, बाहेर काही पडत नाही, त्यामुळं तो बघून पंप निवडायचा नाही. निवडायचं ते हेड रेंज बघून, आणि आपल्या प्लेटवर ती २२ ते ३६ आहे (३० मध्ये बसतोय, म्हणजे पुसट असली तरी बरोबर वाचली).

आपला हेड कसा मोजायचा? ज्या शेतकऱ्याचा हा फोटो होता त्यांचं असं होतं: विहिरीतल्या पाण्यापासून पंपापर्यंत ६ मीटर, पंपापासून पाइप जिथं पाणी सोडतो तिथपर्यंत चढ १४ मीटर, आणि पाइप, बेंड, फुटव्हॉल्व्ह यांच्या घर्षणाचे ५ मीटर धरले. एकूण २५. लांबी नाही मोजायची हां, उंची मोजायची, पाइपाची लांबी फक्त घर्षणात येते. २५ म्हणजे रेंजच्या आत, पंप एकदम योग्य.

अँपिअर, म्हणजे करंट

८५ अँपिअर तर उघडच ८.५ आहे. थ्री फेज ४१५ व्होल्टला एका एचपीला साधारण दीड अँपिअर असा ढोबळ हिशेब आम्ही धरतो, ५ एचपीला साडेसातच्या आसपास. सबमर्सिबल जास्त घेते, एचपीला दोनपर्यंत जाते. सिंगल फेज २३० व्होल्टला एका एचपीला ६-७ अँपिअर. यावरून फोटोतला आकडा पटतो का ते बघायचं, बाकी खरा आकडा प्लेटचाच.

पण प्लेटवर मॅक्स करंट का लिहितात? हेड बदलला की करंट बदलतो म्हणून. आणि तो उलटा बदलतो, इथं भले भले फसतात. पाणी जास्त उंच चढवायचं म्हणजे मोटरला जास्त जोर असं सगळ्यांना वाटतं, पण या साध्या सेंट्रिफ्यूगल पंपात हेड कमी झाला की पाणी बदाबदा जातं आणि तेवढं पाणी ढकलायला करंट वाढतो. ८.५ हा आकडा २२ ते ३६ या रेंजमधला सगळ्यात जास्त करंट आहे, आणि तो २२ च्या बाजूला येतो.

त्या शेतकऱ्याचा प्रॉब्लेम हाच होता. उन्हाळाभर मोटर छान चालली, करंट ७.६ च्या आसपास. पावसाळ्यात विहीर भरली, पाणी पंपाच्या खाली फक्त १ मीटरवर आलं, आणि स्टार्टर दर दहा-पंधरा मिनिटांनी ट्रिप व्हायला लागला. ते म्हणाले, "आता तर मोटरला सोपं झालंय, मग ट्रिप का?" पाणी ५ मीटर वर आलं म्हणजे हेड २५ चा २० झाला, रेंजच्या खाली गेला. वायरीवर अडकवून करंट मोजायचा टोंग टेस्टर लावला तर ९ च्या वर. व्होल्टेज ४१० होतं, म्हणजे लाईनचा दोष नाही. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेलो, अर्ध्याच्या जरा अलीकडं आला तेव्हा करंट ८ वर उतरला आणि ट्रिप बंद. पाणी थोडं कमी पडतं, पण वायंडिंग वाचतं. फक्त व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून मोटर चालू ठेवू नका, आतलं पाणी उकळतं आणि सील जातं.

त्यांनी त्याआधी काय केलं होतं, तर स्टार्टरमधला रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग, ८ वरून ११ वर फिरवला होता. ट्रिप होऊ नये म्हणून. असं केलं की मोटर माझ्याकडे येते, काळी पडलेली.

करंट जास्त दिसला की पहिला नंबर व्होल्टेजचा. ३४० वगैरे असेल तर हेड बरोबर असून पण अँपिअर चढतो, तिथं व्हॉल्व्ह आवळून दुखणं जात नाही, मोटर बंदच ठेवायची. तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा मोजा, दोनमध्ये ९ आणि एकात ५ असं असेल तर लाईन किंवा जोडणी बघा. आणि उलट ४-५ च अँपिअर दाखवतोय तर पंप पाणी ओढत नाहीये, हवा धरली असेल किंवा हेड रेंजच्या फार वर गेलाय.

रिले कुठं ठेवायचा? साध्या डीओएल स्टार्टरला मोजलेल्या चालू करंटच्या जरा वर, या मोटरला ८, आणि काहीही झालं तरी ८.५ च्या पुढं नाही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुतेक वेळा अशा जागी असतो की त्यातून लाईनच्या ५८ टक्केच करंट जातो, तिथं प्लेटचा आकडा सरळ लावला तर रिले असून नसल्यासारखा, तेव्हा वायरमनला जोडणी विचारून घ्या.

मोटर एकदा रिवायंड झाली असेल तर प्लेटवरच्या अँपिअरला प्रमाण मानू नका, तार किंवा वेढे बदललेले असू शकतात. एचपी, हेड, फेज तेच राहतं. रिवायंडिंगनंतर पहिल्या दिवशी व्होल्टेज आणि तिन्ही फेजचा करंट मोजून स्टार्टरच्या झाकणावर आतून मार्करनं लिहून ठेवा, तारीख आणि त्या दिवशी विहिरीत पाणी किती खाली होतं ते पण, आणि त्या झाकणाचा एक फोटो प्लेटच्या फोटोशेजारी फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी मला पाठवताना दोन्ही पाठवा, बैलाचा नाही पाठवला तरी चालेल.