‘फक्त मराठीत बोला’ म्हणणाऱ्या पाहुण्याला उत्तर देताना या चुका टाळा

मालवण-तारकर्लीच्या बाजूला घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांकडे आता बहुतेक चौकशी व्हॉट्सॲपवरच येते. त्यात एक नमुना नेहमीचा. समोरून आधी नुसतं ‘हॅलो’ येतं आणि मिनिटाभरात दुसरा मेसेज: ‘कृपया मला फक्त मराठीतच उत्तर द्या.’ वाचणारा मान डोलावतो, ‘हो, नक्की’ असं लिहितो आणि पुढच्या पाच मिनिटांत इंग्रजी दरपत्रक पाठवून मोकळा होतो. मुद्दाम कोणी करत नाही. घोळ होतो तो आपण स्वतः न लिहिलेल्या मजकुरामुळे. कोणीतरी केव्हातरी तयार करून ठेवलेला, दुसऱ्याकडून आलेला किंवा घरातल्या दुसऱ्याने पाठवलेला मजकूर मधेच घुसतो. आमच्याकडच्या काही घरांचं बुकिंग मी बघतो, त्यामुळे हे कुठे-कुठे अडतं ते सांगतो.

## पहिली चूक आपण हात लावण्याआधीच होते

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘Greeting message’ चालू असेल, तर पाहुण्याचं ‘हॅलो’ येताच तो आपोआप जातो. ‘वेलकम टू अवर होमस्टे’ छापाचा लांबलचक इंग्रजी मजकूर, खाली चार इमोजी. पाहुणा तेवढ्यात ‘मराठीत उत्तर द्या’ टाइप करत असतो. नेट जरा रेंगाळलं की त्याची विनंती वर दिसते आणि आपलं इंग्रजी स्वागत तिच्या खाली. आता त्याच्या बाजूने बघा: मराठीत बोला म्हटलं आणि उत्तर इंग्रजीत आलं. तो मेसेज आपोआप गेला हे त्याला कुठून कळणार?

हे दुरुस्त करायला दोन मिनिटं पुरतात. बिझनेस टूल्समध्ये जाऊन ‘Greeting message’ उघडा आणि मजकूर बदला. आधी मराठीत दोन ओळी, खाली इंग्रजीत एक. ‘नमस्कार, मेसेज मिळाला. कोणत्या तारखा आणि किती माणसं ते कळवा, लगेच उत्तर देतो.’ एवढं पुरे. समोरच्याची भाषा अजून कळलेली नसताना लांब स्वागत कोणत्याच भाषेत बरं दिसत नाही. रात्रीचा ‘Away message’ वेगळा असतो, तोही तिथेच बघून घ्या. लोक पहिला बदलतात आणि दुसरा विसरतात.

यातली एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हा स्वागताचा मेसेज फक्त पहिल्यांदाच जातो असं नाही. १४ दिवस त्या माणसाशी काही बोलणं झालं नसेल, तर पुढच्या मेसेजला तो पुन्हा जातो. दिवाळीसाठी दोन महिने आधी बुकिंग केलेला पाहुणा निघायच्या आठवड्यात ‘हॅलो, रस्ता कसा आहे?’ विचारतो आणि त्याला जुनंच इंग्रजी स्वागत मिळतं. मजकूर बदलायचा नसेल, तर त्याच पानावर ‘Recipients’ मध्ये ठराविक लोकांना वगळायची सोय आहे. नंबर सेव्ह करून त्या यादीत टाका.

## विनंतीला उत्तर म्हणजे विनंतीवर भाषण नव्हे

दुसरी चूक अगदी उलट टोकाची. पाहुण्याने मराठी मागितली की काहींना भरून येतं. मग मराठीच्या अभिमानावर पाच ओळी, ‘आम्हीही कट्टर मराठी’ वगैरे, आणि रूम आहे की नाही ते कुठेच नाही. काही जण ‘सॉरी, तुम्हाला इंग्रजी समजत नाही का?’ असं विचारतात. हे तर अजिबात नको. इंग्रजी येत असूनही मराठीत बोलायचं असेल, आईला वाचून दाखवायचं असेल, काहीही असेल. कारण विचारायचं आपलं काम नाही.

‘हो, मराठीतच बोलू’ एवढं म्हणून त्याच मेसेजमध्ये कामाचं सांगा.

कराडहून आलेली एक चौकशी घ्या. सहा माणसं, दोन खोल्या, दोन रात्री. विनंतीनंतरचं पहिलं उत्तर असं असावं:

‘नमस्कार. हो, मराठीतच बोलू. तुम्ही सांगितलेल्या तारखांना दोन्ही खोल्या मोकळ्या आहेत. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं २,२०० रुपये. दोन खोल्या, दोन रात्री मिळून ८,८०० होतात. जेवण वेगळं. बुकिंग पक्कं करायला ३,००० आगाऊ द्यावे लागतील, उरलेले ५,८०० इथे आल्यावर. बसने येणार की रेल्वेने?’

यात बुकिंग, रेल्वे असे शब्द आहेत आणि ते तसेच बरे. मराठीत बोला म्हटलं म्हणून ‘आपले कक्ष-आरक्षण निश्चित करण्यात येत आहे’ असं लिहू लागलात, तर सरकारी पत्र आल्यासारखं वाटतं. आणि समोरच्याचं नाव कळेपर्यंत ताई, काका काही लावू नका. डीपीवर नातवाचा फोटो असतो, अंदाज चुकतो. ‘नमस्कार’ आणि ‘तुम्ही’ पुरतं.

आमच्या माणसांची एक खास सवयही इथे सांगायला हवी. मराठी म्हटलं की हात आपोआप मालवणीवर जातो. ‘रूम गावतली, कधी येतलात ता सांगा’ हे वेंगुर्ल्याच्या माणसाला घरचं वाटेल, कराडच्या माणसाला नाही. ‘गावतली’ म्हणजे ‘मिळेल’ हे त्याला ठाऊक नसतं; रूम मिळणार की गावात कुठेतरी शोधायची, असं त्याला वाटू शकतं. तो इथे आल्यावर मालवणी हवी तेवढी बोला, त्याला मजाच वाटेल. पैसे आणि तारखा मात्र त्याला कळतील अशा मराठीत लिहा.

## मधेच इंग्रजी कशी घुसते

कराडच्या याच पाहुण्याचं बोलणं पुढे नेऊ. पहिलं उत्तर छान गेलं. त्यांनी लिहिलं, ‘ओके, थँक यू. जेवणाचे दर पाठवा.’ इथे बहुतेक जण घसरतात. पाहुण्याने स्वतःच ‘ओके’ म्हटलं म्हणजे आता इंग्रजी चालेल, असा समज होतो. तो चुकीचा आहे. ओके, थँक यू हे आपण सगळेच दिवसभर म्हणतो, त्याने मूळ विनंती रद्द होत नाही. तो स्वतः ‘इंग्रजीत पाठवलं तरी चालेल’ म्हणेपर्यंत मराठीच.

दुसरं घसरणं ‘क्विक रिप्लाय’मुळे. टाइप करायच्या जागी / दाबलं की साठवलेली उत्तरं समोर येतात. मेनूचा फोटो, दर, नियम, सगळं इंग्रजीत भरून ठेवलेलं असतं. घाईत बोट तिथेच पडतं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अशी ५० उत्तरं ठेवता येतात, म्हणजे जागेची अडचण नाही. रोज लागणाऱ्या चारच गोष्टींची मराठी जोडी करा: दर, जेवण, कसं यायचं, घरचे नियम. त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू करा, म्हणजे शोधावं लागत नाही:

```
/mdar
/mjevan
/mraste
/mniyam
```

जेवणाचं कार्ड इंग्रजी डिझाइनचं असेल, तर नवं छापून घ्यायची गरज नाही. ‘सुरमई थाळी, बांगडा थाळी, कोंबडी-वडे, शाकाहारी थाळी’ आणि पुढे दर, असं साधं लिहून पाठवा. फोटोपेक्षा ते वाचायलाही सोपं.

‘mase fresh aahet, order dya’ असं रोमन अक्षरांत लिहिणं म्हणजे मराठीच ना, असं काही जण म्हणतात. पाहुण्याने स्वतः तसं लिहिलं असेल तर ते एक वेळ चालून जाईल. त्याने देवनागरीत विनंती केली असेल तर आपणही देवनागरीतच लिहावं. जीबोर्डमध्ये मराठी जोडताना इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी उमटणारी मांडणी निवडता येते, किंवा माईक दाबून बोलता येतं. बोलून लिहिलेलं मात्र पाठवण्याआधी एकदा वाचा, विशेषतः आकडे आणि तारखा. फोन नंबर, यूपीआय आयडी आणि नकाशाची लिंक यांना हात लावू नका, ती आहेत तशीच द्या. फक्त वर मराठीत लिहा की ही कशाची लिंक आहे.

## फोन एक, बोलणारे तीन

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एका नंबरला चारपर्यंत उपकरणं जोडता येतात. म्हणजे मालकाचा फोन, ऑफिसातला लॅपटॉप आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा कॉम्प्युटर, सगळीकडून एकाच पाहुण्याला उत्तरं जातात. पहिल्या दिवशीची विनंती मुलाने वाचलेली नसते. तो थेट शेवटच्या मेसेजला उत्तर देतो, तेही इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठीतच म्हणजे हिंदीही नको, हेही लक्षात राहत नाही.

यावर मला सापडलेला सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे नंबर सेव्ह करताना नावातच लिहिणं: ‘मराठी – कराड, ६ माणसं’. कोणीही, कुठूनही चॅट उघडलं तरी ते वरच दिसतं. लेबल लावता येतात, पण ती बघायची सवय घरात एकालाच असते.

बाहेरून आलेल्या मजकुराचंही तसंच. पाहुण्याला स्कुबा करायचं असतं, आपण ओळखीच्या बोटवाल्याला विचारतो, तो त्याचा इंग्रजी मेसेज पाठवतो आणि आपण तो पुढे ढकलतो. बाकी काही नाही तरी हा एक मेसेज मराठीत करूनच पाठवा, कारण त्यात दमा, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर पाण्यात उतरू नका अशा सूचना असतात. पाहुण्याने नीट न समजता ‘ओके’ लिहिलं तर धोका त्यालाच. पावसाळ्यात स्कुबा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात, हेही मराठीत आधीच स्पष्ट सांगा. जूनमध्ये येऊन सिंधुदुर्ग किल्ला लांबूनच बघावा लागला तर भांडण आपल्याशीच होतं.

पैसे भरल्यावर बँकेचा किंवा यूपीआय ॲपचा इंग्रजी मेसेज पाहुण्याला येतो. तो आपल्या हातात नाही. पण ‘३,००० रुपये मिळाले, बुकिंग पक्कं. कुडाळ स्टेशनवरून मालवण साधारण ३० किलोमीटर आहे, रिक्षा हवी असल्यास आदल्या दिवशी सांगा’ हे लिहिणं आपल्या हातात आहे.

कधी कधी त्याच नंबरवरून अचानक इंग्रजी मेसेज येतो: ‘मी त्यांची मुलगी, लोकेशन पाठवा.’ मुलीला लोकेशन देताना इंग्रजीत उत्तर द्यायला हरकत नाही, ती विनंती तिची नव्हती. पुढचा मेसेज पुन्हा देवनागरीत आला, की मराठीवर परत या. कोण बोलतंय ते कळत नसेल तर मराठीतच विचारा.