सहकाऱ्यांना ‘ओके’ कळवताना: एकच स्पेलिंग, स्पष्ट पोच

समजा, टीमच्या एका शीटमध्ये मंजुरीचा रकाना आहे. दहा ओळी, दहाही मंजूर. पण सहा जणांनी OK लिहिलंय, दोघांनी okay, एकाने O.K. आणि एकाने ओके. आता मंजुऱ्या मोजायला हे सूत्र लावा:

```
=COUNTIF(C2:C11,"OK")
```

उत्तर सहा येतं. हे सूत्र लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून ok आणि Ok त्यात धरले जातात. okay, O.K. आणि ओके मात्र त्याच्या लेखी वेगळे शब्द आहेत. OK नंतर चुकून एक स्पेस पडली असेल तर तेही गळतं. चार मंजुऱ्या कुठे गेल्या ते मग डोळ्यांनी शोधत बसावं लागतं.

म्हणून पहिलं काम, रूप ठरवणं. इंग्रजी मजकुरासाठी OK किंवा okay यांतलं कोणतंही एक घ्या. दोन्ही शुद्ध आहेत. असोसिएटेड प्रेसची शैली OK वापरते, okay नाही. दोन्ही अक्षरं मोठी असण्यामागे कारण आहे. 1839 मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात हे रूप ‘oll korrect’ अशा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं म्हणून छापलं गेलं. त्यामुळे Ok हे अधलंमधलं रूप टाळावं. ते बहुतेकदा फोनच्या कीबोर्डने वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं केल्यामुळे उमटतं.

मराठी मजकुरात सरळ ‘ओके’ लिहा, टिंबांशिवाय. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतात. ‘ओकेचा मेसेज’, ‘ओकेशिवाय पुढे जाऊ नका’ हे सहज वाचलं जातं, ‘OKशिवाय’ मात्र डोळ्याला अडखळवतं.

दुसरं काम, जुना मजकूर सुधारणं. शोधा-बदला वापरताना ‘पूर्ण शब्द’ आणि ‘अक्षरांचा लहान-मोठेपणा जुळवा’ हे दोन्ही पर्याय चालू ठेवा, नाहीतर book आणि token मधलं ok सुद्धा बदललं जाईल. टिंबांचं O.K. वेगळं शोधा. ‘सगळे बदला’ एकदम दाबू नका. कुणाचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत केलं असेल किंवा स्क्रीनवरच्या बटणाचं नाव असेल, तर ते तसंच राहिलं पाहिजे. शीटमध्ये यापुढे कुणी हाताने टाइप करूच नये. डेटा व्हॅलिडेशनमधून त्या रकान्याला निवडीची यादी लावली की प्रश्न मिटतो.

आता उत्तरांकडे वळू. इथे स्पेलिंगपेक्षा अर्थाचा घोळ मोठा असतो. सहकारी विचारते, ‘अहवाल गुरुवारपर्यंत मिळेल ना? आणि तिसऱ्या पानावरचा तक्ता काढू का?’ तुम्ही लिहिता, ‘ओके’. तुमच्या मनात असतं, ‘वाचलं, संध्याकाळी बघतो.’ तिला वाटतं, गुरुवार पक्का आणि तक्त्यालाही होकार. ती तक्ता काढून टाकते.

‘ओके’चे तीन अर्थ निघू शकतात: मिळालं, मान्य आहे, झालं. कोणता ते क्रियापदाने सांगा. ‘मिळालं. अहवाल गुरुवारी दुपारपर्यंत देतो. तक्ता राहू दे.’ जितके प्रश्न, तितकी उत्तरं. अजून ठरलं नसेल तर ‘वाचलं, संध्याकाळी सांगतो’ एवढंही पुरतं.

मराठीतले छोटे शब्दही सारखे नाहीत. ‘चालेल’ म्हणजे होकार. ‘करतो’ म्हणजे जबाबदारी घेतली. ‘बघतो’ म्हटल्यावर मात्र काहीच पक्कं नसतं, आणि काम सोपवणाऱ्याने ते पक्कं धरू नये. ‘बरं’ म्हणजे ऐकलं, एवढंच. नकारार्थी प्रश्नाला नुसतं ‘हो’ किंवा ‘ओके’ कधीच देऊ नका. ‘फाइल पाठवली नाहीस ना?’ याला ‘हो’ आलं तर पाठवली की नाही पाठवली? ‘नाही पाठवली’ असं पूर्ण लिहा.

इंग्रजीतलं एकटं k बऱ्याच जणांना तुटक वाटतं. रोज बोलणं असलेल्या जोडीदाराला ‘ओक्के’ चालतं. वरिष्ठांना किंवा नव्याने ओळख झालेल्यांना ‘हो, करतो’ किंवा ‘ठीक आहे, पाठवते’ लिहावं.

अंगठ्याच्या चिन्हाचंही तेच. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतातल्या न्यायालयाने 2023 मध्ये एका शेतकऱ्याने कराराच्या फोटोवर पाठवलेला अंगठा करार मान्य केल्याची खूण धरला आणि 82 हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. करार फक्त मिळाल्याचं आपण कळवलं, असं त्याचं म्हणणं होतं. पण आधीचे करारही त्याने ok, yup अशा एका शब्दाच्या उत्तरांनी पक्के केले होते, आणि न्यायालयाने ती सवय लक्षात घेतली. तेव्हा पैसा, तारीख किंवा मंजुरीचा विषय असेल तर अंगठा नको. ‘फक्त मिळालं, अजून मान्यता दिलेली नाही’ असं शब्दांत लिहा.