फॉरवर्डचा तोटा कुठे दाखवायचा, हे कागदाची तारीख ठरवते

स्टॅट ऑडिटमध्ये डेरिव्हेटिव्हचा भाग वाट्याला आला की नवीन आर्टिकल बहुधा बँकेचं मार्क-टू-मार्केट पत्र उघडतो, आकडा ट्रायल बॅलन्सशी जुळवतो आणि टिक मारतो. आकडा सहसा जुळतोच. चूक असते ती दुसरीकडे. तो आकडा नफा-तोटा पत्रकात जायला हवा की ओसीआयमध्ये, याचा निर्णय ज्या कागदावर उभा आहे तो कागद कोणी वाचलेलाच नसतो.

इंड एएस लागू असलेल्या निर्यातदार कंपनीचं उदाहरण घेऊ. दर फक्त समजण्यापुरते आहेत. कंपनीने १५ जानेवारीला बँकेशी करार केला: ३० जूनला १० लाख डॉलर ८६.५० रुपयांनी विकायचे. जूनमधल्या अपेक्षित निर्यातीचं हेज म्हणून हा फॉरवर्ड घेतला आहे. ३१ मार्चला त्याच ३० जूनच्या तारखेचा फॉरवर्ड दर ८८.०० झाला. म्हणजे डॉलरमागे दीड रुपया, एकूण १५ लाखांचा तोटा. हा तोटा तीन महिन्यांनी होणार असल्याने साडेसहा टक्क्यांनी डिस्काउंट केला की साधारण १४.७६ लाख होतो. पुढचा हिशेब सोपा राहावा म्हणून १५ लाखच धरू. इथे नवशिक्यांची एक नेहमीची चूक सांगायला हवी. ते ३१ मार्चचा एफबीआयएलचा संदर्भ दर लावून मोकळे होतात. तो स्पॉट दर आहे. कराराच्या मुदतीपर्यंतचा फॉरवर्ड प्रीमियम त्यात धरायचा राहतो, आणि सहा महिन्यांच्या करारात तो प्रीमियम दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो.

आता कागद. इंड एएस १०९ प्रमाणे हेज अकाउंटिंग सुरू होतं ते औपचारिक दस्तऐवज तयार होतो त्या दिवसापासून, आणि तिथून फक्त पुढे. मागच्या तारखेपासून ते लावता येत नाही. दस्तऐवज १५ जानेवारीचाच असेल तर १५ लाखांचा सगळा तोटा ओसीआयमध्ये, कॅश फ्लो हेज रिझर्व्हला जाईल. दस्तऐवज १० फेब्रुवारीला झाला आणि त्या दिवशी ३० जूनचा दर ८७.३० होता असं समजा. मग तोवर झालेला ८ लाखांचा तोटा नफा-तोटा पत्रकात येईल, त्यानंतरचा ७ लाखांचा ओसीआयमध्ये. (हेज म्हणून नेमल्याच्या दिवशी फॉरवर्डचं मूल्य शून्य नसल्याने डिस्काउंटिंगमुळे थोडी इनइफेक्टिव्हनेसही दिसेल. ती किरकोळ असली तरी मोजायची.) आणि दस्तऐवज ऑडिट सुरू झाल्यावर एप्रिलमध्ये टाइप केलेला असेल, तर पूर्ण १५ लाख नफा-तोटा पत्रकातच. करार एकच, बँकेचं पत्र एकच, आणि नफ्यात १५ लाखांचा फरक. वर्षअखेरीस फॉरवर्ड तोट्यात असला की जुन्या तारखेचा कागद तयार करण्याचा मोह होतो तो यामुळेच. म्हणून तोट्यातल्या करारांचे दस्तऐवज आधी तपासायला घ्या.

तारीख खरी आहे का, हे कळायला पुरावा कागदाच्या बाहेर शोधावा लागतो. फाइलची 'क्रिएटेड' तारीख एकटी कामाची नाही, कारण फाइल दुसरीकडे कॉपी केली तरी ती बदलते. ट्रेझरीने तो दस्तऐवज सीएफओंना मंजुरीसाठी पाठवला तो ईमेल, डिजिटल सहीची वेळ, आणि जानेवारी-मार्च तिमाहीत करार नोंदवलेलं ट्रेझरी रजिस्टर, हे जास्त भरवशाचं. मग मजकूर बारकाईने वाचा. १५ जानेवारीच्या कागदावर बँकेने १७ जानेवारीला पाठवलेल्या डील कन्फर्मेशनचा क्रमांक असेल, किंवा सही करणारा त्या हुद्द्यावर मार्चमध्ये आलेला असेल, तर कागद नंतरचा आहे. सगळ्या करारांना एकच मजकूर, फक्त रक्कम आणि क्रमांक बदललेले, हेही लक्षण आहे. 'परिणामकारकता ८० ते १२५ टक्के' असं वाक्य दिसलं तर साचा जुन्या मानकाचा आहे हे समजा. १०९ मध्ये ती पट्टी नाही. तिथे तीन गोष्टी विचारल्या आहेत: आर्थिक संबंध आहे का, पत-जोखीम त्यावर मात करते का, आणि हेज रेशो प्रत्यक्षात वापरला जातो तोच आहे का.

तारीख बरोबर असूनही दस्तऐवज कच्चा असू शकतो, आणि तो कच्चेपणा बहुधा हेज केलेल्या व्यवहाराच्या वर्णनात असतो. 'भविष्यातली निर्यात' एवढं लिहिलं असेल तर कोणत्या विक्रीचं हेज हे कळणारच नाही. 'जूनमध्ये इन्व्हॉइस होणाऱ्या डॉलर विक्रीतले पहिले १० लाख डॉलर' असं लिहिलं असेल तर जून संपल्यावर हो की नाही सांगता येतं. त्यानंतर ही विक्री 'अत्यंत संभाव्य' आहे का, ते पाहायचं. मागच्या काही तिमाहींचा अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री शेजारी मांडा, हातातल्या ऑर्डर बघा. कंपनी दर महिन्याला १२ लाखांचा अंदाज करते आणि ८ लाखच विकते, तर १० लाखांचं हेज टिकत नाही. अशा वेळी व्यवस्थापन 'ऑर्डर येणारच आहेत' म्हणतं. वर्किंग पेपरमध्ये ते वाक्य पुरावा म्हणून लिहू नका.

रिझर्व्ह परत काढण्याच्या वेळीही घोळ होतो. जूनमध्ये विक्री नोंदली गेली की रिझर्व्हमधला तोटा तेव्हाच विक्रीसोबत नफा-तोटा पत्रकात आणायचा, फॉरवर्ड सेटल होण्याची वाट पाहायची नाही. विक्री आता होणारच नाही असं ठरलं तर रिझर्व्ह तत्काळ बाहेर. विक्री अपेक्षित आहे, पण आधीइतकी खात्री नाही, तर हेज अकाउंटिंग थांबतं. साचलेली रक्कम मात्र विक्री होईपर्यंत तिथेच राहते. या दोन परिस्थितींत नवे लोक हमखास गोंधळतात.

हे सगळं तपासून झालं तरी एखादा फॉरवर्ड रजिस्टरमध्येच नसण्याची शक्यता उरते. करार करताना पैसे द्यावे लागत नाहीत, त्यामुळे लेजरमध्ये एंट्रीच नसते. म्हणून एसए ५०५ प्रमाणे प्रत्येक बँकेला पाठवायच्या पत्रात चालू फॉरवर्ड आणि डेरिव्हेटिव्ह यांची यादी मूल्यासह स्पष्टपणे मागा. फक्त शिल्लक विचारली तर उत्तरही तेवढंच येईल. सॅंक्शन लेटरमध्ये फॉरवर्डची मर्यादा आहे पण रजिस्टरमध्ये त्या बँकेचा एकही करार नाही, असं दिसलं तर विचारा. एप्रिल-मेच्या बँक स्टेटमेंटमधले कॅन्सलेशन चार्जेस आणि सेटलमेंट चाळा.

व्याजदर स्वॅपमध्ये कर्जाचा करार आणि स्वॅपचं कन्फर्मेशन समोरासमोर ठेवून ओळीने वाचण्याला पर्याय नाही. कर्ज तिमाही हप्त्यांनी फिटतंय आणि स्वॅपची रक्कम मात्र शेवटपर्यंत तीच, तर पहिला हप्ता फिटल्यापासूनच ओव्हरहेज. कर्जावर तीन महिन्यांचा सोफर आणि स्वॅपवर एक महिन्याचा, किंवा कर्जात व्याजाला शून्याचा फ्लोअर आणि स्वॅपमध्ये नाही, तर इनइफेक्टिव्हनेसची कारणं म्हणून ती दस्तऐवजात आलेली असायला हवीत. बँकेने दिलेल्या मूल्यात साचलेलं व्याज धरलंय का, तेही विचारा. धरलं असेल आणि कंपनीने स्वॅपवरचं देणं किंवा येणं व्याज वेगळं नोंदवलं असेल, तर तीच रक्कम ताळेबंदात दोनदा बसते.

एक गोष्ट लिस्टवर कायम ठेवा: कलम १४३(३)(जे) आणि नियम ११(ब) खाली ऑडिट रिपोर्टमध्ये दीर्घकालीन करारांवरच्या, डेरिव्हेटिव्ह धरून, लक्षणीय संभाव्य तोट्याची तरतूद झाली आहे का हे लिहावं लागतं. हे वाक्य मागच्या वर्षीच्या रिपोर्टमधून उचलण्यापूर्वी वरच्या यादीशी ताडून पाहा. कंपनीला इंड एएस लागू नसेल तर हा सगळा हिशेब वेगळा: आधीपासून असलेल्या डॉलर येण्या-देण्यासाठीच्या फॉरवर्डला एएस ११, आणि बाकी डेरिव्हेटिव्हना आयसीएआयची गाइडन्स नोट. कामाला हात घालण्यापूर्वी कंपनी कोणत्या चौकटीत आहे एवढं पहिल्या पानावर लिहून टाका.