सहा टेक, एक वाक्य: सांधा ऐकू येणार नाही अशी जोडणी

कथावाचनाचं रेकॉर्डिंग करताना एखादं वाक्य अडतं. वाचणारा तेच वाक्य पुन्हा म्हणतो, मग पुन्हा. शेवटी फाइलमध्ये एकाच वाक्याचे पाच-सहा टेक साठतात आणि त्यातला एकही अथपासून इतिपर्यंत निर्दोष नसतो. त्यांतून एक वाक्य कसं उभं करायचं, ते एका वाक्यावर सविस्तर सांगतो. उदाहरण ऑडॅसिटीतलं घेतलं आहे, कारण ते फुकट मिळतं. पद्धत मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हीच.

वाक्य असं होतं: ‘त्या रात्री वाड्यात कुणीच झोपलं नाही, फक्त पाटीलबाबा शांत घोरत होते.’ वाचणारे काका सहा वेळा म्हणाले.

आधी मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि तिला हात लावू नका. कामाच्या प्रतीत प्रत्येक टेक निवडून `Ctrl+B` दाबा आणि लेबलात नुसता आकडा लिहा. ‘छान’, ‘बरा’ असले शेरे आत्ता नकोत. एकदा शेरा लिहिला की पुढे कान तोच शेरा ऐकतात.

मग स्क्रीनकडे पाठ करून ऐका. लाटांचं चित्र समोर असलं की डोळे निवड करतात, आणि भरीव दिसणारा टेक उगाचच चांगला वाटतो. दुसरं म्हणजे वाक्य सुटं ऐकू नका. आधीचं एक वाक्य, मग हा टेक, मग पुढचं वाक्य, असं ऐका. सुटा ऐकताना सहावा टेक मला अगदी स्वच्छ वाटला होता, उच्चार मोत्यासारखे. पण आधीच्या वाक्यात वाड्यावर दरोडा पडणार म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसलेले आहेत, आणि सहाव्या टेकमध्ये काका बातम्या वाचावं तसं वाचतात. सहा वेळा म्हणून त्यांचं तोंड वळलं होतं, पण गोष्ट निसटली होती.

चौथ्या टेकमध्ये ती होती. ‘नाही’वर आवाज खाली न टेकता किंचित अधांतरी राहिला, छोटी थांबणूक आली आणि मग ‘फक्त पाटीलबाबा’ हसऱ्या गळ्यातून आलं. दोष एकच: ‘कुणीच झोपलं’ म्हणताना च आणि झ एकमेकांत घुसून ‘कुणीज्झोपलं’ झालं होतं.

इथे माझा ठाम आग्रह आहे. पायाचा टेक भावासाठी निवडा, उच्चारासाठी नाही. चुकलेला शब्द दुसऱ्या टेकमधून आणता येतो. वाक्यभर पसरलेला सूर मात्र तुकड्यांतून बांधता येत नाही.

आता ठिगळ शोधायचं. ते शक्यतो पायाच्या टेकच्या शेजारचं असावं. दहा मिनिटांनी म्हटलेल्या टेकमध्ये गळा थकलेला असतो, माणूस खुर्चीत सरकलेला असतो. माइकच्या जवळ आलं की आवाजातला खर्ज वाढतो, आणि हा फरक नुसता आवाज कमी-जास्त करून मिटत नाही. तिसऱ्या टेकमध्ये ‘कुणीच झोपलं’ सुटं आणि स्वच्छ होतं, म्हणून तोच घेतला.

खरी कसोटी कापण्याच्या जागेची. शब्द संपला तिथे कापावं असं वाटतं, पण बोलताना शब्दांमध्ये फट क्वचितच असते. ‘झोपलं नाही’ घ्या. ‘लं’ आणि ‘ना’ यांच्यामध्ये आवाज सलग वाहतो, तिथे सुरी लावली की सूर तुटल्याचं लगेच कळतं. स्वराच्या मध्यात तर कधीच कापू नये. आधी मी ‘कुणीच झोपलं नाही’ असा मोठा तुकडा घेऊन पाहिला, कारण ‘नाही’नंतर थांबणूक होती. पण तिसऱ्या टेकमधलं ‘नाही’ वाक्य संपल्यासारखं खाली बसलं होतं. ते बसवल्यावर पाटीलबाबांची गंमतच गेली.

उत्तर शब्दाच्या पोटात होतं. प, त, क, ट ही व्यंजनं म्हणताना तोंडाची वाट क्षणभर पूर्ण बंद होते. ‘झोपलं’मध्ये प फुटण्याआधी ओठ मिटतात आणि एका सेकंदाच्या विसाव्या भागाइतकी, कधी थोडी जास्त शांतता असते. लाट मोठी करून पाहिली की ‘झो’नंतर ती सपाट पट्टी दिसते. तशीच पट्टी ‘वाड्यात’चा त आणि ‘कुणीच’चा क यांच्यामध्येही सापडली. म्हणजे तिसऱ्या टेकमधून घ्यायचं फक्त ‘कुणीच झो’, आणि ‘पलं नाही’पासून पुन्हा चौथा टेक. वाचायला विचित्र वाटतं, ऐकायला अखंड शब्द येतो.

कृती अशी. तिसऱ्या टेकमधला ‘कुणीच झो’ निवडा, कडा पट्टीच्या मध्यावर ठेवा आणि `Z` दाबा, म्हणजे त्या शून्यरेषेवर सरकतात आणि जोडावर टिकटिक येत नाही. तो कॉपी करून खालच्या नव्या ट्रॅकवर चिकटवा. वरच्या ट्रॅकवर चौथ्या टेकमधला तोच भाग निवडून `Ctrl+Alt+K` दाबा. तो भाग जातो, पण पुढचं जागचं हलत नाही. आता ठिगळ त्या रिकाम्या जागेत सरकवा. लांबी थोडी वेगळी असेल तर पुढचा भाग पुढे-मागे करा, ठिगळ ताणू नका. प्रत्येक कडेला 5 ते 10 मिलीसेकंदांचा फेड, म्हणजे आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं, पुरतो. लांब फेड दिला तर प फुटण्याचा आवाजच खाल्ला जातो आणि ‘झोअलं’सारखं ऐकू येतं.

श्वासाचं वेगळं बघावं लागतं. श्वास पुढच्या शब्दांचा असतो, म्हणून ज्या टेकचे शब्द, त्याच टेकचा श्वास. दोन श्वास पाठोपाठ आले किंवा एखादा अर्ध्यावर कापला गेला, तर ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण तो दचकतो. मधली थांबणूक लांबवायची असेल तर तिथे कोरी शांतता घालू नका, आवाज विहिरीत पडल्यासारखा होतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचं रेकॉर्डिंग करून ठेवलं असेल, तर त्यातला तुकडा तिथे टाका.

तपासताना जोडाच्या तीन-चार सेकंद आधीपासून ऐका आणि मनात शब्द सोडून फक्त चाल गुणगुणा. जोडावर चाल पायरीसारखी वर-खाली झाली तर सूर जुळलेला नाही. आवाजाची पातळी एखाद-दोन डेसिबलने कमी-जास्त करून बघा, पण चढ-उतारच वेगळा असेल तर ते ठिगळ टाकून द्या, दुसऱ्या टेकमधलं घ्या. मग हेडफोनवर एकदा ऐका. शेवटी जोड कुठे आहे हे माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा. माझ्या बायकोने बोट ठेवलं ते ‘रात्री’वर. तिथे मी काही केलंच नव्हतं.

एका वाक्यात तीनपेक्षा जास्त ठिगळं लागायला लागली, तर मी थांबतो आणि वाचणाऱ्याला पुन्हा बोलावतो. आणि हे सगळं लिहिलेला मजकूर वाचण्यापुरतं. कुणाची मुलाखत किंवा आठवणी असतील, तर दोन टेकमधले शब्द जोडून त्या माणसाने कधी म्हटलंच नाही असं वाक्य तयार होऊ शकतं. तिथे एकच पूर्ण टेक निवडावा, अडखळण्यासकट.